जळालेलं आकाश, काळ्याकुट्ट सावल्या आणि रॉ फाइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची बहुतेक उत्तरं एकाच फोटोभोवती फिरतात. भाज्याच्या लेण्यांमधलं चैत्यगृह, श्रावणातली ढगाळ दुपार. स्तूपाजवळ उभं राहून कॅमेरा बाहेरच्या दिशेला धरलेला. दोन्ही बाजूंना आत कललेले अष्टकोनी खांब, डोक्यावर छताच्या लाकडी फासळ्या, आणि समोर पूर्ण उघडी कमान. त्या कमानीतून पांढरं, चकाकणारं पावसाळी आकाश दिसतं. डोळ्यांना फासळ्याही दिसतात आणि ढगही. कॅमेऱ्याला यातलं एकच काहीतरी दिसतं. मळवलीला उतरून लेणी बघायला गेलेल्या प्रत्येकाकडे हा फोटो असतो, आणि बहुतेकांच्या फोटोत कमानीच्या जागी पांढरा कागद चिकटवल्यासारखा दिसतो.

माझ्या फोटोत आकाश पांढरंफटक आलंय. ते खरंच गेलंय की फाइलमध्ये अजून आहे?

जेपेग असेल तर बहुधा गेलं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात, आणि कॅमेऱ्याने स्वतःचा काँट्रास्ट लावून वरचा भाग आधीच २५५ ला चिकटवलेला असतो. ती पांढरी जागा कितीही गडद केली तरी एकसारखी राखाडी होते, ढग काही उगवत नाहीत.

रॉ, म्हणजे सेन्सरने मोजलेले आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल असेल तर आधी बघावं लागतं. डार्कटेबल या रॉ फाइलींवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या खालच्या बाजूला बटणांची रांग असते. त्यात `raw overexposed` दाखवणारं बटण आहे. ते दाबलं की सेन्सरची मर्यादा जिथे खरोखर ओलांडली गेली तेवढेच पिक्सेल रंगीत होतात. रॉथेरपी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख, रॉवर टाकला की तीच माहिती मिळते. डार्कटेबलमधल्या त्या बटणाच्या शेजारचं नेहमीचं, तयार चित्रातलं जळणं दाखवणारं बटण मात्र वेगळं. या दोन बटणांमध्ये गल्लत झाली की चांगलं आकाश ‘गेलं’ म्हणून सोडून दिलं जातं. मी स्वतः दोन वर्षं हेच करत होतो.

पण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तर हिस्टोग्राम उजव्या भिंतीला धडकला होता, आकाश लुकलुकत होतं. मग रॉमध्ये ते कसं सापडलं?

कारण कॅमेऱ्यावर दिसणारा हिस्टोग्राम रॉचा नसतो. रॉमध्ये दडवलेल्या छोट्या जेपेगचा असतो, आणि त्या जेपेगवर व्हाइट बॅलन्स आणि काँट्रास्ट दोन्ही चढलेले असतात.

यातला व्हाइट बॅलन्स जास्त फसवतो. दिवसाच्या उजेडात सेन्सरचा हिरवा भाग सगळ्यात जास्त भरतो, लाल आणि निळा मागे राहतात. ढग पांढरे दिसावेत म्हणून सॉफ्टवेअर लाल साधारण दुप्पट आणि निळा साधारण दीडपट करतं (नेमके आकडे कॅमेऱ्यागणिक वेगळे). म्हणजे सेन्सरवर लाल रंग अर्ध्या वाटेवर असतानाच जेपेगमध्ये तो भिंतीला टेकलेला दिसतो. त्यावर काँट्रास्टची वक्ररेषा. एवढ्यामुळे जेपेगच्या मते जळालेल्या आकाशात रॉमध्ये अर्धा ते एक स्टॉप शिल्लक असणं अगदी नेहमीचं आहे, कधी थोडं जास्तही. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. तीन स्टॉप मात्र नसतं. कमानीतलं आकाश मर्यादेच्या दोन स्टॉप वर गेलं असेल तर रॉमध्येही तिथे काहीच नाही.

हायलाइटचा स्लायडर मागे ओढला, तर ढग गुलाबी झाले. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, गणित उघडं पडलं. समजा ढगाचा सगळ्यात उजळ भाग सेन्सरवर पूर्ण भरला. लाल १, हिरवा १, निळा १, यापुढे जागाच नाही. आता व्हाइट बॅलन्सचे गुणाकार लावा: लाल २, हिरवा १, निळा दीड. लाल आणि निळा जास्त, हिरवा कमी, म्हणजे गुलाबी-जांभळा. एरवी सॉफ्टवेअर तिन्ही रंग १ वर कापतं म्हणून तो भाग पांढरा दिसतो. तुम्ही उजेड खाली आणलात आणि कापण्याआधीचे खोटे आकडे दिसायला लागले.

म्हणून गुलाबी डाग ही खूण समजा: इथे निदान एक रंग सेन्सरवरच संपलाय, यापुढे जे दिसेल तो अंदाज.

हा अंदाज डार्कटेबलमध्ये `highlight reconstruction` करतं. त्यात `inpaint opposed` ही पद्धत आपोआप निवडलेली असते, आणि ढगांसाठी ती बहुतेक वेळा पुरते. एकच रंग संपला असेल तर उरलेले दोन रंग आणि आजूबाजूच्या पिक्सेलमधलं त्यांचं प्रमाण बघून ती तिसरा रंग भरते. तिन्ही संपले असतील तर ढगाचा आकार कुठूनही येणार नाही, फार तर कड मऊ होईल. पावसाळी ढग मुळात राखाडी असतात, म्हणून त्यात चुकीचा अंदाजही खपून जातो. सूर्यास्ताच्या केशरी आकाशात तो खपत नाही. केशरी ते पिवळा ते अचानक पांढरा असे पट्टे दिसायला लागतात. तिथे मी रंग ओढूनताणून आणत बसत नाही, सूर्याभोवतीचा थोडा भाग जळू देतो. सूर्य पांढरा दिसला म्हणून आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

मग फोटो काढतानाच एक्स्पोजर किती कमी ठेवावं?

भाज्यातल्या फोटोचे आकडे घेऊ. कॅमेरा स्वतःच्या मनाने मोजायला सोडला, आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ ५.६ ठेवलं, तेव्हा त्याने १/१५ सेकंद सुचवलं. फ्रेमचा बराचसा भाग काळोखी दगडाचा, त्यामुळे त्याला ते बरोबर वाटणारच. फक्त ढगावर स्पॉट मीटर धरलं तर ढग त्या एक्स्पोजरच्या मध्यापेक्षा पाच स्टॉप वर होता. माझ्या सेन्सरमध्ये मध्यापासून वर साधारण तीन स्टॉप जागा आहे. म्हणजे ढग दोन स्टॉपने हुकणार. म्हणून शटर दोन स्टॉप वाढवलं: १/६० सेकंद. ढग काठोकाठ बसला. स्क्रीनवर लेणं काळं ठिक्कर दिसलं, ते दिसू दिलं.

हे ‘वर तीन स्टॉप’ प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं असतं, आणि ते घरी अर्ध्या तासात काढता येतं. दिवसाच्या उजेडात एखादी पांढरी भिंत घ्या, फोकस सोडून द्या, भिंतीवर स्पॉट मीटर धरा. मीटर शून्यावर असताना एक फोटो काढा. मग एक्स्पोजर १/३ स्टॉपच्या पायऱ्यांनी वाढवत +४ पर्यंत फोटो काढत जा. सगळ्या रॉ डार्कटेबलमध्ये उघडून तेच `raw overexposed` बटण दाबा. ज्या फोटोत भिंत पहिल्यांदा रंगते त्याच्या आधीचा आकडा तुमचा. पुढे डोंगरावर ढगावर स्पॉट मीटर धरायचं, तेवढा आकडा वर जायचं, क्लिक. एक पायरी राखून ठेवली तर उत्तम, कारण ढग सरकतात आणि दोन मिनिटांत उजेड बदलतो.

एवढं काळं आलेलं लेणं नंतर उजळलं तर खराब नाही का होणार? किती उजळता येतं?

होतं, आणि किती होतं ते मोजता येतं.

सेन्सर उजेड सरळ रेषेत मोजतो. उजेड अर्धा, आकडा अर्धा. चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, पण त्यातल्या निम्म्या एकट्या सगळ्यात वरच्या स्टॉपला जातात. त्याखालच्या स्टॉपला उरलेल्याच्या निम्म्या, आणि असंच खाली. भाज्याच्या फोटोत छताच्या आतल्या फासळ्या ढगापेक्षा नऊ स्टॉपने काळ्या होत्या. नऊ वेळा निम्मं केलं की १६,३८४ चे ३२ उरतात. म्हणजे त्या फासळ्यांची सगळी लाकडी नक्षी सुमारे बत्तीस आकड्यांच्या आत.

पायऱ्या कमी हे दुखणं मात्र दुय्यम. खरं दुखणं उजेडाच्या स्वभावात आहे. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे येतात, अंगणातल्या दोन शेजारच्या वाट्यांत कधीच सारखे थेंब पडत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे एक टक्का. १०० च पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. ढगात नॉइज दिसत नाही आणि छतात दिसतो तो यामुळे. उजळल्याने नॉइज तयार होत नाही, होता तोच दिसू लागतो. आयएसओ १०० चा भाग चार स्टॉप उजळला तर तो साधारण आयएसओ १६०० वर काढल्यासारखा दिसणार, एवढा हिशेब डोक्यात ठेवला की अपेक्षा जागेवर राहतात. आयएसओ १६०० चा फोटो तुम्हाला चालतो का? मग चार स्टॉप चालतील.

चालत नाही ते ओळखायची खूण: नॉइज दाण्यांसारखा, विस्कळीत असेल तर तो डिनॉइजने आवरता येतो. काळ्या भागात आडव्या-उभ्या रेघा दिसू लागल्या, किंवा सगळी सावली जांभळट किंवा हिरवट झाली, तर तुम्ही सेन्सरच्या तळाशी पोचलात. तिथून एक-दीड स्टॉप मागे या. भाज्यात थोडा हिरवा रंग मात्र खराही असतो. पावसाळ्यात बाहेरच्या गवतावरून उजेड आत उसळतो आणि बाहेरच्या खांबांवर हिरवी झाक येते. ती पुसून टाकली तर लेणं सिमेंटचं वाटतं.

टोन मॅपिंग म्हणजे नेमकं काय? ते भडक, प्लॅस्टिकसारखे एचडीआर फोटो तेच ना?

ते भडक फोटो म्हणजे टोन मॅपिंगचा अतिरेक. मूळ काम साधं आहे: लेण्यातला उजेडाचा पल्ला मोठा आणि स्क्रीनचा छोटा, तेव्हा मोठा पल्ला छोट्यात कसा बसवायचा.

सगळ्यात सोपी रीत एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या शोधनिबंधात आहे:

```
Ld = L / (1 + L)
```

L म्हणजे दृश्यातला उजेड, Ld म्हणजे स्क्रीनवरचा. लहान आकडे जवळपास तसेच राहतात, मोठे आकडे दाबले जातात, आणि कितीही मोठा आकडा घेतला तरी उत्तर १ च्या आतच राहतं. आपल्या फोटोवर लावून बघू. रॉमध्ये ढग १ वर आहे. आधी सगळा फोटो दोन स्टॉप उजळला, म्हणजे चारपट केला. ढग ४ वर गेला. ४ भागिले ५, म्हणजे ०.८. स्क्रीनचे आकडे उजेडासारखे सरळ रेषेत चढत नाहीत, त्यामुळे तिथे हे २५५ पैकी साधारण २३१: उजळ आहे, पण जळालेला नाही, आत जागा आहे. फासळ्या १/५१२ वर होत्या, चारपट करून ०.००७८. सूत्राने त्यांना हातही लावला नाही. स्क्रीनवर त्या २५५ पैकी साधारण २२, म्हणजे जवळपास काळ्या.

इथेच या जातीच्या रीतीची मर्यादा कळते. सगळ्या फोटोला एकच वक्ररेषा लावणारी रीत ढग वाचवते, पण सावली उचलत नाही. नुसती तीच रेषा वाकवून सावली उचलायला गेलात तर मधले खांब सपाट, धुरकट होतात. म्हणून दुसरी पायरी लागते, जागेनुसार उजेड कमी-जास्त करणारी. डार्करूममध्ये छापताना हात आडवा धरून फोटोचा एखादा भाग उजळ ठेवायचे, दुसऱ्याला जास्त उजेड द्यायचे, ते हेच काम.

डार्कटेबलमध्ये हे कुठल्या क्रमाने करायचं?

पहिलं `exposure`. आकाशाकडे बघूच नका, खांब जिथे असावेत असं वाटतं तिथे येईपर्यंत उजळा. आपल्या फोटोत +२ स्टॉप. आकाश पांढरं होईल, घाबरू नका. डार्कटेबलच्या आत आकडे १ वर कापले जात नाहीत. ढग ४ वर जाऊन शांत बसलेला असतो. जुन्या सॉफ्टवेअरची सवय असलेल्यांना हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते: ते आकाश वाचवायला एक्स्पोजर खाली ओढतात आणि मग चिखलातून सावल्या उपसत बसतात.

दुसरं `sigmoid`. वरच्या सूत्राच्याच घराण्यातली वक्ररेषा, काँट्रास्ट हातात ठेवणारी. ती लावली की ढग परत दिसू लागतात. काँट्रास्ट आपोआप असतो त्यापेक्षा थोडा कमी करा.

तिसरं `tone equalizer`, आणि इथे वेळ द्या. हे गाण्याच्या इक्वलायझरसारखं आहे. -८ ते ० स्टॉपपर्यंत पट्ट्या, प्रत्येक पट्टी दोन स्टॉप वर किंवा खाली. मी फासळ्यांच्या पट्टीला +२ आणि ढगांच्या पट्टीला -१ दिलं. वरच्या सूत्राच्या हिशेबाने फासळ्या २२ वरून ४९ ला आल्या, ढग २३१ वरून २१३ ला. आकडे छोटे वाटतात, डोळ्यांना मात्र छत ‘दिसायला’ लागतं.

एक खड्डा इथे हमखास लागतो. या मॉड्यूलच्या पट्ट्या ० स्टॉपपाशी संपतात आणि आपला ढग त्याच्याही वर आहे. तेव्हा ० च्या वरचं सगळं, म्हणजे ढग आणि कमानीचा उजळ काठ, एकाच पट्टीत कोंबलं जातं आणि ‘ढग खाली आणला तर काठही मळकट झाला’ अशी तक्रार येते. उपाय `masking` टॅबमध्ये आहे. `mask exposure compensation` खाली आणा, इतकं की मास्कचा हिस्टोग्राम पट्ट्यांच्या मध्ये पूर्ण मावेल. फोटोचा उजेड याने बदलत नाही, कोणता भाग कोणत्या पट्टीत मोडतो तेवढंच बदलतं.

`denoise (profiled)` शेवटी चालू करून १०० टक्के मोठं करून बघा. सावली किती उचलायची हे ठरल्याशिवाय डिनॉइज किती लागेल ते कळत नाही.

कमानीच्या कडेला दगडाभोवती उजळ पट्टा दिसतोय, जणू लेण्याला ट्यूबलाइट लावलीय.

हॅलो. जागेनुसार उजेड बदलणारं कुठलंही साधन आधी फोटोचा धूसर नकाशा बनवतं आणि त्यावरून ठरवतं की हा भाग सावलीतला की आकाशातला. नकाशात कमानीची कड नेमकी न बसता शेजारी पसरली, तर कडेजवळचं थोडं आकाश ‘सावली’ समजून उजळलं जातं आणि थोडा दगड ‘आकाश’ समजून काळवंडतो.

`tone equalizer` मध्ये मास्क प्रत्यक्ष दाखवायचं बटण आहे, ते दाबा. नकाशात कमान चाकूने कापल्यासारखी दिसायला हवी आणि दगडाचा पोत पुसट. कड धूसर असेल तर `edges refinement/feathering` वाढवा. उलट दगडाचे ओरखडेही नकाशात उमटत असतील तर फोटो सपाट होईल, कारण पोताचाच काँट्रास्ट खाल्ला जातो. तेव्हा `smoothing diameter` वाढवा. तपासताना फोटो मोठा करू नका, उलट अंगठ्याएवढा छोटा करा. हॅलो छोट्या आकारात लगेच उघडा पडतो.

त्यापेक्षा तीन फोटो काढून जोडले तर?

नऊ स्टॉपच्या फरकाला तेच जास्त चांगलं, शक्य असेल तर. अडचण अशी की पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या लेण्यांत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, म्हणून हे सगळं एका रॉचं शिक्षण. हातात धरूनही जमतं: एक फोटो १/६० ला, दुसरा तीन स्टॉप उजळ, म्हणजे १/८ ला. रुंद लेन्स, स्थिरीकरण चालू, कोपरं छातीशी. (खांबाला टेकू नका. तो दोन हजार वर्षं उभा आहे, तुमच्या फोटोसाठी झिजायला नको.) उजळ फोटोचे दोन-तीन प्रयत्न घ्या, एखादा स्थिर निघतो. मग दोन्ही टिफमध्ये काढून हगिनसोबत येणाऱ्या साधनांनी जुळवा:

```
align_image_stack -m -a jul_ a.tif b.tif
enfuse -o bhaje.tif jul_*.tif
```

पहिली ओळ हाताची हालचाल सुधारते. दुसरी प्रत्येक जागी जो फोटो नीट उजळलेला आहे त्याला जास्त वजन देऊन दोन्ही मिसळते. कमानीत माणसं चालत असतील तर ती दोनदा, भुतासारखी उमटतील. अशा वेळी एकच रॉ बरी.

फोनच्या रॉवर हे चालेल का?

चालतं, पण फोनच्या ‘रॉ’ दोन जातींच्या असतात. खऱ्या एका फ्रेमच्या रॉमध्ये सेन्सर लहान असल्याने सावलीत फोटॉन कमी, म्हणून दोन स्टॉपच्या पुढे जाऊ नका. आयफोनच्या प्रोरॉसारख्या फाइलींत फोनने अनेक फ्रेम आधीच मिसळलेल्या असतात. त्यात सावली छान उचलली जाते, मात्र मिसळताना झालेल्या चुका मागे घेता येत नाहीत.

स्क्रीनवर छान दिसतं, पण प्रिंट काळी आली.

मॅट कागदाचा काळा स्क्रीनएवढा काळा नसतो आणि तो मागून उजळलेलाही नसतो, म्हणून ४९ वरच्या फासळ्या कागदावर खांबांमध्ये विरघळतात. मी प्रिंटसाठी फोटोची वेगळी प्रत ठेवतो, `tone equalizer` ची सगळ्यात खालची पट्टी आणखी अर्धा ते पाऊण स्टॉप उचलतो, आणि मोठी प्रिंट टाकण्याआधी छत आणि कमान दोन्ही येतील अशी चार इंचांची पट्टी त्याच कागदावर छापून घेतो. ती पट्टी रात्री ट्यूबलाइटखाली आणि सकाळी खिडकीशी, अशी दोनदा बघतो.